'ए' म्हणजे हायड्रा एक

माझ्या तोंडानं माझ्या दोन नोकऱ्या घालवल्या, हे आधीच सांगून टाकते. पहिली एका शाळेच्या ऑफिसात होती, दुसरी स्कूटरच्या शोरूममध्ये. दोन्हीकडे मी कोणाला तरी खरं ते बोलले, आणि दोन्हीकडे मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. तिसरी नोकरी लागली ती रायपूरजवळ उरल्याला, एका सरियाच्या, म्हणजे बांधकामाच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यात. तेव्हा बाबा जेवता जेवता म्हणाले, "आता ही किती दिवस? कॅलेंडरवर खूण करून ठेवू काय?"

तिसरीही गेली तर काय करायचं, ते घरात ठरलेलं होतं. बूढ़ापाऱ्यात काकांचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिथं मशीनमागे एक स्टूल होतं आणि त्या स्टुलासमोर दिवसभर काकू बसायची. काकू वाईट नव्हती. पण सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत 'पोरीच्या जातीनं कसं बोलावं' हा एकच विषय ती न थकता चालवू शकत होती. मी त्या स्टुलाला घाबरत होते, आणि ते कबूल करायला मला आजही लाज वाटत नाही.

राज्य नवीन झालं होतं. कालपर्यंत जिल्ह्याचं गाव असलेलं रायपूर राजधानी झालं होतं, आणि आमच्या चौबे कॉलोनीत जो तो भाडं वाढवून बसला होता. जिथं तिथं इमारती उठत होत्या. इमारतींना सरिया लागतो, म्हणून उरल्यातले कारखाने रात्रंदिवस चालत होते. आमच्या कारखान्यात गाड्यांची इतकी गर्दी झाली, की एकानं दुसऱ्याला ओरडून सांगितलेलं ऐकू येईना. मग मालकांनी रीतसर परवाना काढून वॉकीटॉकीचे सेट घेतले. एक सेट गेटवर, एक वजनाच्या काट्यावर, एकेक दोन्ही हायड्रांमध्ये, एक यार्डात, एक सेफ्टीच्या साहेबांकडे. हायड्रा म्हणजे चाकांवर चालणारी ती पिवळी क्रेन, पुढे लांब हात असलेली. आणि काट्याच्या वरच्या मजल्यावर, यार्डाकडे खिडकी असलेल्या एका खोलीत मोठा सेट. तो बेस. तिथं मी.

मला घेतलं सेफ्टीच्या साहेबांनी. ते फौजेत बिनतारी संदेशाच्या खात्यात होते, निवृत्त होऊन इकडे आले होते. एक गुडघा दुखरा, बोलणं मोजकं. मुलाखतीत त्यांनी मला शेजारच्या खोलीत पाठवून तिथून एक वर्तमानपत्र वाचायला लावलं, आणि मधलं दार बंद केलं. मी परत आले तर ते म्हणाले, प्रत्येक शब्द ऐकू आला, कुठं शिकलात? मी म्हटलं, घरी. आमच्या घरी सगळे एकाच वेळी बोलतात.

त्यांनी अट घातली. तीन महिने कच्ची नोकरी. या तीन महिन्यांत कारखान्यातला एकूण एक माणूस सेटवर नीट हाक मारायला शिकला पाहिजे. नाही शिकला, तर बेसवर माणूस ठेवून उपयोग काय? मग बेस नाही आणि मीही नाही.

नीट हाक म्हणजे काय, ते त्यांनी मला एका दुपारी शिकवलं. सेटचं बटण दाबायचं आणि मनात एक म्हणायचं, कारण दाबता दाबताच बोललं तर पहिला शब्द कापला जातो. मग ज्याला हाक मारायची त्याचं नाव, दोनदा. मग आपलं नाव, एकदा. मग बटण सोडायचं आणि थांबायचं. समोरचा 'हो, मी ऐकतोय' म्हणेपर्यंत कामाचा एक शब्द बोलायचा नाही. नाव म्हणजे आईबापानं ठेवलेलं नव्हे, सेटचं नाव. सेट ज्याच्या हातात, तो तेवढा वेळ 'गेट' किंवा 'काटा' किंवा 'हायड्रा दो'.

मी विचारलं, आपलं नाव आधी काहून नाही? ते म्हणाले, माणूस दिवसभर कानावर पडणारं निम्मं ऐकतच नाही, पण स्वतःचं नाव आलं की कान टवकारतो. म्हणून आधी त्याचं नाव. कान उघडला की मग कोण बोलतंय ते सांगा. आणि सगळे सेट एकाच चॅनलवर आहेत, तुम्ही बोललेलं सगळ्यांच्या कानात जातं. ज्याचं काम आहे त्यानंच हात हलवावा, बाकीच्यांनी हात बांधून बसावं, हे त्या पहिल्या दोन शब्दांत ठरतं.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. बाबा वर्ध्याकडचे, रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात जन्म गेलेला. त्यांना वाटलं मी काही नवीन सांगून राहिली नाही. ते दिवाणखान्यातून फक्त म्हणाले, "अगं." आतून आई म्हणाली, काय? आजी म्हणाली, काय म्हणतोस? मीही समोर बसून "काय" म्हणाले. बाबा म्हणाले, "पाहिलं? तीन बाया उठल्या, अन् मले फक्त पाणी पायजे होतं."

गेट आणि काटा महिनाभरात सुधारले. गेटवरचा पहारेकरी भैया सुरुवातीला "हैलो हैलो, सब ठीक?" असं विचारून मग हवापाण्याचं बोलायचा. पण तो आज्ञाधारक माणूस होता. काट्यावरच्या बाबूला वहीत आपलं नाव आलेलं सहन होत नसे. ती वही मी ठेवत होते. ज्यानं चुकीची हाक मारली त्याच्या सेटचं नाव, वेळ, काय चुकलं. साहेब दर शनिवारी ती वाचायचे.

त्या वहीची निम्मी पानं एका माणसानं भरली. उस्ताद. सगळे त्यांना उस्तादच म्हणत. यार्डातले मुख्य खलासी, म्हणजे भार कसा बांधायचा, कधी उचलायचा, कुठं ठेवायचा हे सांगणारे. साठीला आलेले, इथल्याच एका गावचे, अंगानं काटक, खांद्यावर गमछा. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सरियाच्या बंडलाकडे एक नजर टाकून ते वजन सांगायचे आणि काट्यावरच्या बाबूचं तोंड उतरायचं.

त्यांचं हाक मारणं असं होतं: "ए, उठा." किंवा "चल, उठा." बस. पुढे नाही, मागे नाही. उठा म्हणजे उचल.

आता यार्डात दोन हायड्रा. दोन्ही ट्रकांवर बंडलं चढवायच्या. मला पहिल्या दिवशी कळेचना की 'उठा' कोणासाठी. मी खिडकीतून पाहत राहिले, आणि आश्चर्य म्हणजे बरोबर हवी तीच हायड्रा हलायची. आठवडाभरानं उलगडा झाला. उस्ताद 'ए' म्हणाले की ते हायड्रा एकसाठी, कारण तो ड्रायव्हर त्यांच्या बरोबरीचा, गावचा, लहानपणापासून 'ए' म्हणूनच हाक मारलेला. 'चल' म्हणाले की हायड्रा दोनसाठी, कारण तो पोट्टा जरा सुस्त होता, त्याला चल म्हटल्याशिवाय हलत नसे. आणि हे त्या तिघांनाच माहीत. कोणी ठरवलं नव्हतं, कोणाला सांगितलं नव्हतं.

मी त्यांना खाली जाऊन सांगितलं. नम्रपणे सांगितलं, हे माझ्या बाबतीत विशेष आहे. उस्ताद बिडी विझवून कानावर खोचत म्हणाले, "मोर आवाजेच मोर नाम आय, नोनी." नोनी म्हणजे पोरी. माझा आवाज हेच माझं नाव. सगळा कारखाना ओळखतो, मी कशाला आणखी नाव सांगू?

मी म्हटलं, तुम्हाला ओळखतात हे झालं, पण तुम्ही कोणाला बोलावता ते कसं कळणार? ते म्हणाले, ज्याला कळायचं त्याला कळतं. मी म्हटलं, आणि ज्याला नाही कळत? ते म्हणाले, त्यानं यार्डात यायचं कशाला?

झालं. तिथून आमची जुंपली. मी ठरवलं की त्यांनी नाव घेतल्याशिवाय बेस उत्तर देणार नाही. ते बेसला विचारायचे, "गाड़ी आई का?" मी गप्प. ते पुन्हा विचारायचे. मी खिडकीतून त्यांच्याकडे पाहत गप्प. शेवटी ते सेट खाली ठेवून तोंडावर दोन्ही हात धरून खालून ओरडायचे, आणि मला खिडकीतून ओरडून उत्तर द्यावं लागायचं, कारण त्याला नियम नव्हता. मालकांनी लाख रुपयांचे सेट घेतले आणि आम्ही दोघं एकमेकांच्या नावानं बोंबलत होतो. मी रोज वहीत लिहायचे: यार्ड, नाव नाही. यार्ड, नाव नाही. यार्ड, नाव नाही, वर हसले.

अडीच महिने झाले. साहेब दर शनिवारी वही चाळून एवढंच म्हणायचे, यार्ड राहिलंय. घरी आईनं एकदा सहज सांगितलं की काकूनं दुकानात नवीन पंखा बसवला, स्टुलाच्या बरोबर वर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेवटचा दिवस उजाडला. माझा नव्वदावा. आणि त्याच दिवशी हायड्रा दोनचा ड्रायव्हर बहिणीच्या लग्नाला रजेवर गेला. त्याच्या जागी आतल्या शेडमधला एक बदली ड्रायव्हर आला. भला माणूस, हायड्रा चालवण्यात पक्का, फक्त यार्डात पहिल्यांदा. सकाळी वर येऊन त्यानं मला विचारलं, दीदी, यहां का नाम क्या रहेगा मेरा? मी म्हटलं, हायड्रा दो. त्यानं दोनदा म्हणून पाठ केलं. मला बरं वाटलं. 'ए' आणि 'चल'चं मला त्या क्षणी आठवलं नाही, हे माझं चुकलं. मी त्या भाषेला मानतच नव्हते, म्हणून ती सांगावी असं डोक्यात आलं नाही.

अकराच्या सुमारास साहेब शेवटची पाहणी करायला यार्डात आले. मी खिडकीतून सगळं पाहत होते. दोन ट्रक उभे, दोघांपुढे एकेक हायड्रा, आणि दोन्ही हायड्रांच्या हुकांना एकेक बंडल बांधून तयार, खाली लाकडांवर टेकवलेलं. उस्ताद हायड्रा एककडे तोंड करून उभे. साहेबांचा गुडघा दुखत असावा. ते दुसऱ्या ट्रकच्या सावलीत गेले, इकडे तिकडे पाहिलं, आणि हायड्रा दोनच्या त्या बांधलेल्या बंडलावर पलीकडच्या टोकाला टेकले. सेट बाजूला ठेवला, खिशातून छोटी डायरी काढली, चष्मा लावला. ड्रायव्हरच्या आणि त्यांच्या मध्ये ट्रक. ड्रायव्हरला ते दिसणं शक्यच नव्हतं.

मला वाटलं, अरे, हे काय करून राहिले? कोणीतरी उठवा यांना. मी बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात सेटमधून उस्तादांचा आवाज आला. "ए, उठा."

हायड्रा एकचा ड्रायव्हर सावकाश हलला. पण बदली ड्रायव्हरला काय माहीत की 'ए' म्हणजे हायड्रा एक? त्याचं बंडल बांधून तयार, हुक लागलेला, आणि यार्डाच्या माणसानं उठा म्हटलं. त्यानं उचललं.

बंडल उठलं आणि बंडलाबरोबर सेफ्टीचे साहेब उठले. एक हात डायरीवर, एक हात दोरावर, बूट जमिनीपासून हातभर वर. सेट घरंगळून खाली मातीत पडला. ते ओरडले नाहीत. फौजेतला माणूस. पण चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता.

मी बटण दाबून ओरडले, "रुको! रुको! रुको!"

सगळं थांबलं. दोन्ही हायड्रा थांबल्या. हे ठीक झालं. रुको कोणीही म्हणावं आणि सगळ्यांनी थांबावं, त्याला नाव लागत नाही, हे साहेबांनीच शिकवलेलं. खरी गंमत पुढे. माझं डोकं काही ठिकाणावर नव्हतं. मी पुन्हा बटण दाबलं आणि म्हणाले, "नीचे करो, धीरे-धीरे नीचे करो."

कोणाला, ते सांगितलं नाही. कोण, तेही सांगितलं नाही. तीन महिने ज्याच्यासाठी सगळ्या कारखान्याचं डोकं खाल्लं, तेच मी केलं नाही.

हायड्रा एकनं आपलं अर्धवट उचललेलं बंडल आज्ञाधारकपणे खाली ठेवलं. गेटवरच्या भैयानं गेटचा आडवा दांडा खाली केला, खाली ट्रक होता, दांडा त्याच्या बॉनेटवर जाऊन टेकला. काट्यावरच्या बाबूकडे खाली करण्यासारखं काही नव्हतं, त्यानं विचार केला आणि आपल्या खिडकीचं शटर खाली ओढलं. ते माझ्याच पायाखाली खडखडलं. सगळा कारखाना खाली आला. वर राहिले फक्त साहेब. कारण हायड्रा दोनचा ड्रायव्हर आता घाबरला होता. त्याला कळून चुकलं होतं की मघाशी आपण दुसऱ्याचा हुकूम घेतला. आता हाही दुसऱ्याचाच असला तर? तो लिव्हरवरचा हात काढून बसून राहिला. अगदी बरोबर वागला.

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. कोण बोललं, कोणाला बोललं, काय खाली, किती खाली. उस्तादही त्यात होते. एका चॅनलवर दोघांनी एकदम बटण दाबलं की दोघांचंही धड ऐकू येत नाही, आणि इथं पाच जण. नुसती चीं-चीं आणि खरखर. ज्यानं बटण दाबलंय त्याला दुसऱ्याचं ऐकूही येत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटत होतं की आपणच शहाणे आणि बाकीचे गप्प. खाली साहेब हातभर उंचीवर हळूहळू गोल फिरत होते. आता त्यांची पाठ माझ्याकडे होती.

मी बटण सोडलं. मनात म्हटलं, बाई, तुझं स्टूल तयार आहे, पण तो माणूस आधी खाली आण. आणि ऐकत बसले. एवढंच करण्यासारखं होतं. खरखर चालू, खरखर चालू, मग एक क्षण सगळ्यांचा दम संपला.

बटण दाबलं. मनात एक म्हटलं. "हायड्रा दो, हायड्रा दो, बेस. ओवर."

एकदम शांतता. ज्यांचं नाव नव्हतं त्यांनी हात काढून घेतले, मला खिडकीतून दिसलं. मग त्या बदली ड्रायव्हरचा आवाज, किंचित कापरा: "बेस, हायड्रा दो. बोलिए."

"हायड्रा दो, तुमचा भार एक हात वर आहे. त्यावर साहेब बसलेत. अगदी सावकाश खाली." मराठीत बोलले. त्या घाईत मला हिंदी सुचलीच नाही. त्याला कळलं. बंडल लाकडांवर इतकं हळू टेकलं की आवाजही झाला नाही.

साहेब उतरले. चष्मा वर केला, सेट उचलून त्याची माती झटकली, पँट झटकली, आणि जिन्याकडे निघाले. जिना लोखंडी होता आणि त्यांचा गुडघा दुखरा, त्यामुळे ते वर येईपर्यंत मला भरपूर वेळ मिळाला. त्या वेळात मी वही उघडली आणि लिहिलं. पहिली ओळ: यार्ड, नाव नाही, भलत्याच हायड्रानं भार उचलला. दुसऱ्या ओळीला पेन थांबलं. कोणाला कळणार होतं? त्या गोंधळात कोणी म्हटलं 'नीचे करो', ते आता कोण शोधत बसणार? मग मला तीन महिन्यांची ती पानं दिसली. यार्ड, यार्ड, यार्ड. मी लिहिलं: बेस, नाव नाही, सगळ्या कारखान्यानं भलतंच खाली केलं.

साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. विचारलं, तुमचं 'रुको' का नाही लिहिलं? मी म्हटलं, त्याला नाव लागत नाही, तुम्हीच सांगितलंय. त्यांनी मान हलवली. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली तिसरी ओळ स्वतः लिहिली: सेफ्टी, बांधलेल्या भारावर बसले. सही केली.

म्हणाले, "तुमचा दिवस सहाला संपतो. मी ऑफिसात सेट लावून बसतो. सहापर्यंत एकही चुकीची हाक ऐकू आली नाही, तर पक्क्या नोकरीच्या पत्रावर सही. आली, तर नाही." आणि गेले. मला वाटलं, हे दयाळूपणानं सांगितलंय की उगाच लांबवून राहिलेत? यार्डात उस्ताद होते. सहापर्यंत? सहा मिनिटंही कठीण होती.

जेवणाच्या सुट्टीत जिना पुन्हा वाजला. या वेळी उस्ताद. ते कधी वर आले नव्हते. दाराशी चपला काढल्या, गमछ्यानं तोंड पुसलं, आणि वहीकडे बोट दाखवून म्हणाले, आजचं काय लिहिलंस ते वाच.

मी त्यांची ओळ वाचली. ते मान खाली घालून ऐकत होते. मी पुढची वाचली, माझी. त्यांनी मान वर केली.

"तहूं के नाम लिखे हस?" तुझंही नाव लिहिलंस?

मी म्हटलं, हव. चुकले होते.

त्यांनी वही स्वतःकडे ओढली. अक्षरं येत नव्हती, तरी त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं, मग तिसरीवरून. ही कोणाची, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग हळूच म्हणाले की तीन महिने त्यांना वाटत होतं, ही पोरगी वर बसून फक्त यार्डाच्या चुगल्या लिहिते. चपला घातल्या आणि गेले. मला रडू येत होतं, आणि रागही येत होता, कारण रडायला माझ्याकडे वेळ नव्हता.

दीड वाजता काम सुरू झालं. सेट खरखरला. एक लांब श्वास ऐकू आला, बटण दाबून घेतलेला. मग उस्तादांचा तो सगळ्यांना माहीत असलेला आवाज, पण शाळेत कविता म्हणायला उभा केल्यासारखा: "हायड्रा एक, हायड्रा एक, यार्ड बोलत हंव. ओवर."

हायड्रा एकचा ड्रायव्हर इतका दचकला की त्यानं उत्तरच दिलं नाही. पन्नास वर्षांत 'ए' शिवाय काही ऐकलं नव्हतं बिचाऱ्यानं. उस्तादांना पुन्हा हाक मारावी लागली. मग तो म्हणाला, "यार्ड, हायड्रा एक. तबीयत ठीक हे न?"

त्या दुपारी कारखान्यात इतकी सभ्यता होती की विचारू नका. सगळ्यांना माझ्या सहा वाजण्याबद्दल कळलं होतं. कसं, ते माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं, उस्तादांना विचारलं तर ते आभाळाकडे पाहायचे. हायड्रा दोननं यार्डाला रीतसर हाक मारून, उत्तराची वाट पाहून, लघवीला जाऊ का विचारलं. गेटच्या भैयानं काट्याला हाक मारली, काट्यानं उत्तर दिलं, मग भैयाला काय सांगायचं तेच आठवेना. पावणेसहाला काट्याच्या बाबूनं सवयीनं "हैलो" म्हटलं असावं, अर्धंच ऐकू आलं, कारण यार्डातून उस्ताद खालून त्याच्या खिडकीकडे बघून असे काही खेकसले की माझ्या खोलीची काच हलली. बाबूनं बटण सोडलं, पुन्हा दाबलं: "बेस, बेस, काटा." अर्धा 'है' मी लिहिला नाही. तेवढी माणुसकी माझ्यातही आहे.

सहाला चार मिनिटं होती. माझं लक्ष घड्याळावर. सेट वाजला.

"मेरी गाड़ी गेट पर लगवा दो."

साहेबांचा आवाज. ओळखायला काही अडचण नव्हती. कारखान्यात तसं बोलणारा दुसरा माणूस नव्हता. पत्र त्यांच्या टेबलावर, पेन त्यांच्या हातात. आणि माझ्या डोळ्यांसमोर झेरॉक्सचं दुकान, नवा पंखा, काकू. खिडकीतून दिसलं, उस्ताद दोन हायड्रांच्या मध्ये उभे, तोंड वर करून माझ्याकडे पाहत होते.

मी मनात एक म्हटलं.

"अनजान स्टेशन, अनजान स्टेशन, बेस. अपना नाम बताइए. ओवर."

मग बटण दाबल्याचा आवाज, आणि एक छोटं खाकरणं.

"बेस, बेस, सेफ्टी. ओवर."

"सेफ्टी, बेस. बोलिए."

"सेफ्टी की गाड़ी गेट पर. और बेस अपना पत्र ले जाए. ओवर."

त्यांनी मुद्दाम केलं की खरंच विसरले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. वहीत मात्र लिहिलं: सेफ्टी, नाव नाही, पाच छप्पन. लिहिता लिहिता सेटमधून कोणीतरी हसलं. बटण दाबून, मोकळं, खोकला येईपर्यंत हसलं. नाव न सांगता. ते मी लिहिलं नाही. सगळा कारखाना तो आवाज ओळखत होता.